एस ऑफ वाँड्स आला, गोधडीच्या कल्पनेत खरंच ठिणगी आहे का?

सुईदोरा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं, आज लिहितेच. मी चिंचवडला एका कंपनीत अकाउंट्समध्ये आहे, अकरा वर्षं झाली. गेल्या वर्षी आजी गेली. तिची लुगडी आई बोहारणीला देणार होती, मी म्हटलं थांब, आणि घेऊन आले. गावाकडच्या काकूला फोनवर विचारत विचारत त्यातल्या दोन नऊवारींची एक गोधडी हातानं शिवली. ती बघून मावशीनं तिच्या सासूच्या साड्या दिल्या, मग आत्यानं. म्हणजे तीन झाल्या.

आता डोक्यात असं आहे की लोकांनी आपल्या आईच्या, आजीच्या साड्या मला द्यायच्या आणि मी त्याची गोधडी करून द्यायची. शनिवार-रविवार आणि पहाटेचा वेळ, नोकरी सोडायची नाहीये. हे डोक्यात आल्यापासून मला पाच वाजता गजराशिवाय जाग येतेय.

टॅरो मी दोन वर्षं शिकतेय, डेक रायडर वेटचा. काल विचारलं, "या कल्पनेत खरंच ठिणगी आहे का नुसते मनाचे खेळ?" आणि एस ऑफ वाँड्स आला. ढगातून हात, हातात पालवी फुटलेली काठी. आनंद झाला पण लगेच वाटलं की मला हवं तेच मी वाचतेय. तुम्ही हा पत्ता कसा वाचाल?

अबोली_नाशिक

अगं वा!! हा तर सरळ हो आहे. कुठलाही एक्का म्हणजे होकार, आणि वाँड्स म्हणजे अग्नी, तू ठिणगी विचारलंस आणि विश्वानं तुला अख्खी मशाल दिली, यापेक्षा स्पष्ट उत्तर काय असतं? आणि पत्त्यात पानं गळताना दिसतात ना, ती मोज, आठ आहेत. म्हणजे आठ आठवड्यात हे सुरू झालेलं असेल. इन्स्टाचं पेज आजच काढ, नाव ठरव, लोगो कर, अग्नीचा पत्ता थांबत नाही. माझं मत विचारशील तर नोकरीत पण नोटीस द्यायची तयारी ठेव.

तात्या_सांगलीकर

ताई, पत्ता घरचाच द्या, भाड्याचं घर असेल तर मालकाची संमती घेऊन ठेवा. उद्यम नोंदणी ऑनलाइन होते आणि फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. दुसरं म्हणजे तुमचं नेमणूकपत्र काढून वाचा, बऱ्याच कंपन्यांच्या पत्रात दुसरा व्यवसाय करायचा असेल तर लेखी परवानगी घ्या असं कलम असतं, ते आधी बघा मग पुढचं.

आमच्याकडे याला वाकळ म्हणतात. आई दर उन्हाळ्यात अंगणात घालायची.

सुईदोरा

तात्या, मी टॅरोच्या पत्त्याबद्दल विचारत होते 🙂 पण नेमणूकपत्राचं डोक्यातच आलं नव्हतं, आज काढून बघते. मनापासून आभार.

रेवती७८

सुईदोरा, मी साधारण अठरा वर्षं पत्ते वाचतेय. आधी तीन गोष्टी विचारते मग बोलू. एक, प्रश्न नेमका याच शब्दात विचारला होतास का? दोन, पत्ता सरळ होता का उलटा, आणि तू उलटे पत्ते वाचतेस का? तीन, आणि हे खरं सांग, एकदाच काढलास का?

अबोली, एक्का म्हणजे हो, हे अर्धंच बरोबर आहे. हो कशाला, ते बघावं लागतं. सुईदोरानं ठिणगी आहे का विचारलंय, धंदा चालेल का असं विचारलेलं नाही. या दोन प्रश्नांची उत्तरं एकाच पत्त्यात शोधायला गेलं की गडबड होते. आणि कालावधीचं म्हणशील तर वाँड्सला काही शिक्षक दिवस मानतात, काही आठवडे मानतात, एकमत नाहीये, त्यामुळे गळणारी पानं मोजून कुणाला नोटीस द्यायला सांगू नये असं मला अगदी कळकळीनं वाटतं.

सुईदोरा

रेवतीताई, बरं झालं विचारलंत, मला ते खुपतच होतं. प्रश्न याच शब्दात होता. पत्ता सरळ होता, उलटे मी अजून वाचत नाही, सगळे सरळ करूनच पिसते. आणि नाही, एकदाच नाही काढला. तिसऱ्यांदा आला.

पहिल्यांदा फोर ऑफ कप्स आला, मला काही कळलं नाही म्हणून परत पिसले. मग एट ऑफ पेंटॅकल्स आला, तो बरा वाटला पण म्हटलं मी ठिणगी विचारतेय आणि हा मजुरीचा पत्ता काय. मग एस ऑफ वाँड्स आला आणि मी थांबले.

ठाण्याचा_विनय

मी या विषयातला नाही, धागा वर दिसला म्हणून वाचला. प्रामाणिकपणे विचारतो, ७८ पत्ते आहेत, मनासारखा पत्ता येईपर्यंत काढत राहिलं तर कधी ना कधी येणारच. मग त्याचा अर्थ काय राहिला? त्यापेक्षा एका माणसाला गोधडी विकून बघितली तर जास्त कळेल असं मला वाटतं. कुणाला दुखवायचा हेतू नाही.

रेवती७८

विनय, तुमचा शेवटचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, मी पण तिथेच येणार आहे. पहिल्या मुद्द्यावर, हो, मनासारखं येईपर्यंत काढणं ही शिकणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक, मी पण केलीय. आमच्या गुरूंचा नियम असा होता की चुकून असं झालंच तर आधीचे पत्ते परत गड्डीत घालून विसरून जायचे नाहीत, तिन्ही आले त्या क्रमानं समोर मांडायचे, कारण तू तीन पत्ते काढलेस तर तुझं वाचन तीन पत्त्यांचं आहे. सुईदोरा, तिन्ही समोर ठेव आणि बरोबर बघ.

फोर ऑफ कप्समध्ये झाडाखाली एक तरुण हाताची घडी घालून बसलाय, समोर तीन पेले, आणि चौथा पेला एक हात ढगातून त्याला देतोय. तो बघत नाहीये. आता एस ऑफ वाँड्स बघ. तिथेही ढगातून हातच आलाय. म्हणजे पहिल्यांदा पण देणारा हात आला होता आणि तू "काही कळलं नाही" म्हणून परत पिसलीस, अगदी त्या तरुणासारखं. मला तो पत्ता तुझ्या अकरा वर्षांच्या नोकरीचा वाटतो, सगळं आहे, तीन पेले भरलेले आहेत, आणि तरी मन उठत नाहीये.

मधला एट ऑफ पेंटॅकल्स. कारागीर बाकावर बसून एका नाण्यावर हातोडी छिन्नी चालवतोय, झालेली नाणी खांबाला टांगलीत. तू याला मजुरी म्हणालीस, पण तुझ्या तीन गोधड्या झाल्यात ना, त्या याच पत्त्यात टांगलेल्या आहेत. बहुतेक लोकांना ठिणगी आधी पडते आणि काम कधी सुरूच होत नाही. तुझ्याकडे उलटं झालंय, काम आधी झालं आणि त्यातून ठिणगी पडली. म्हणून एकट्या एक्क्यापेक्षा मला हे तीन मिळून जास्त विश्वासाचे वाटतात.

आता एक्क्याबद्दल, कारण तुझा प्रश्न त्याचा होता. चारही एक्के शेजारी शेजारी ठेव. कप्स आणि पेंटॅकल्समध्ये वस्तू तळहातावर ठेवलेली आहे, नुसती समोर धरलेली. वाँड्स आणि स्वोर्ड्समध्ये मूठ आवळलेली आहे. काठी कुणी अलगद तुझ्या हातावर ठेवणार नाही, ती पकडावी लागते आणि पकडून ठेवावी लागते. पहाटे पाचला येणारी जाग म्हणजे ही मूठ आहे का, का नुसती नव्या गोष्टीची हौस, ते फक्त तुलाच कळणार.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ती काठी बघ. ती तोडलेली फांदी आहे. तिला पालवी फुटलीय, काही पानं सुटून हवेत आहेत, पण खाली मूळ नाही, माती नाही. सगळी काठी हवेत आहे. शेवग्याची फांदी तोडून अंगणात नुसती टेकवून ठेवली तरी तिला आठ-पंधरा दिवसात कोंब येतात, बघितलंय ना? ते कोंब फांदीत साठलेल्या अन्नावर येतात. त्यावरून मूळ धरलं असं कुठलाही माळी म्हणणार नाही. मूळ धरलं नाही तर तेच कोंब नंतर माना टाकतात. एस ऑफ वाँड्स तुला सांगतोय की लाकूड जिवंत आहे. एवढंच. मेलेल्या लाकडाला पालवी फुटत नाही, म्हणून ठिणगी आहे का याचं उत्तर हो. मूळ धरेल का, हे त्या पत्त्यात लिहिलेलंच नाही.

आता टू ऑफ वाँड्स आणि थ्री ऑफ वाँड्स काढून शेजारी ठेव. दोनमध्ये एक काठी माणसाच्या हातात आहे आणि दुसरी तटाच्या भिंतीला कडीनं अडकवलेली आहे. तीनमध्ये तिन्ही काठ्या जमिनीत रोवलेल्या आहेत आणि तो लांब जहाजांकडे बघतोय. एक, दोन, तीन. हवेत, भिंतीला, जमिनीत. धंद्याचं उत्तर तिसऱ्या पत्त्यावर मिळतं, पहिल्यावर नाही.

अबोली_नाशिक

रेवतीताई, तीनमध्ये काठ्या रोवलेल्या असतात हे मी कधी बघितलंच नव्हतं, आत्ता काढून बघितलं. नोटीस द्यायचं मी उत्साहात लिहून गेले, ते मागे घेते. पण एक राहतंच, माझ्या ताईंनी शिकवलंय की एक्का आला की उशीर करायचा नाही, अग्नी विझतो. ते पण खरं आहे ना?

रेवती७८

हो अबोली, ते खरं आहे. पण उशीर करायचा नाही याचा अर्थ पेज काढणं आणि लोगो करणं असा होत नाही. ती पालवीच आहे, अजून थोडी. लवकर करायची गोष्ट म्हणजे फांदी मातीत खोचणं.

जुनापत्ता

वाचन सुंदर आहे, पण एक शंका मांडतो. हे पान, पालवी, काठी हवेत, सगळं पामेला कोलमन स्मिथ या बाईंनी १९०९ मध्ये वेट यांच्यासाठी काढलेल्या चित्रावर उभं आहे. मी मार्सेय डेकनं वाचतो. त्यात याच एक्क्यावर जाडजूड सोटा आहे, फांद्या छाटल्याच्या खुणा असलेला, आणि दोन-तीनच्या पत्त्यांवर माणूसच नाही, नुसत्या काठ्या मांडलेल्या. मग तिथे ही हवेत-भिंतीला-जमिनीत गोष्ट कुठून आणणार? मुळात हे इटलीत खेळायचे पत्ते होते, पंधराव्या शतकातले, भविष्य बघायला फ्रान्समध्ये अठराव्या शतकात लागले लोक. त्यामुळे एका चित्रकाराच्या पानांवर एखाद्याचा धंदा तोलू नये.

माझ्या डेकमध्ये हा पत्ता आला असता तर मी एवढंच म्हटलं असतं की हातात हत्यार आलंय, काम कर. छाटलेल्या फांद्यांवरून वाटलंच तर असं म्हटलं असतं की आधी काय काय छाटायचं ते ठरव.

रेवती७८

जुनापत्ता, तुमचं बरोबर आहे, मार्सेयमध्ये मी हे वाचन केलं नसतं. पण तिनं पत्ता रायडर डेकमधून काढलाय, तिच्या डोळ्यासमोर तेच चित्र होतं, मग तेच वाचायचं. शब्दांत हवं असेल तर वेट यांनी १९११ च्या पुस्तकात या पत्त्यापुढे निर्मिती, शोध, उद्योग, उद्योगाची सुरुवात असे अर्थ दिलेत, आणि त्याच यादीत कुटुंब, उगम आणि दुसऱ्या एका मतानुसार वारसाही आहे. आजीच्या लुगड्यांतून निघालेल्या कल्पनेला हा पत्ता येणं मला फार जवळचं वाटलं, ते मी सांगायचं ठेवलं होतं.

छाटण्याचा मुद्दा मात्र मी तुमच्याकडून घेते, तो फार कामाचा आहे.

जुनापत्ता

वारसा हा अर्थ माझ्या लक्षात नव्हता. तरी माझं मत आहे की पहिला पत्ता तोच पत्ता, तिचं उत्तर फोर ऑफ कप्स आहे. यावर आपलं जमणार नाही 🙂

मेणवात

मी माझा अनुभव सांगते, कारण मला अगदी हाच पत्ता आला होता. दोन वर्षांपूर्वी, सेंटेड कँडल्स करायच्या ठरवल्या तेव्हा. एकदाच काढला होता, पहिल्या झटक्यात एस ऑफ वाँड्स. मी इतकी पेटून उठले की त्या आठवड्यात वीस किलो सोया वॅक्स, काचेचे दीडशे ग्लास, बारा सुगंध, स्टिकर सगळं मागवलं. दिवाळीत ओळखीच्यांनी घेतल्या, साठ गेल्या. जानेवारीत एक पण गेली नाही. आणि मला तोवर कळलं होतं की मला कँडल ओतायला आवडतच नाही, मला नावं ठेवायला, लेबलं करायला, फोटो काढायला आवडतं. मेण तापवून थर्मामीटर घेऊन उभं राहायचं म्हटलं की कंटाळा यायचा. शेवटी तीन खोकी माळ्यावर गेली.

रेवतीताईंचं शेवग्याचं वाचलं आणि पोटात खड्डा पडला, तेव्हा हे कुणी सांगायला हवं होतं. सुईदोरा, तुला विचारते, तुला शिवायला आवडतं का शिवलेलं दाखवायला?

सुईदोरा

मेणवात, तुमचा प्रश्न दोन दिवस डोक्यात घेऊन फिरले. मला वाटतं शिवायला. काठापासून आत एकामागून एक धावदोऱ्याच्या रांगा टाकत गेलं की साधारण दहाव्या रांगेनंतर हात आपोआप चालतो आणि खालच्या थराची साडी बोटाला कळते, मऊ कुठली, खळीची कुठली, ते मला फार आवडतं. पण आत्तापर्यंत तिन्ही घरच्यांसाठी केल्या, परक्यासाठी नाही, म्हणून खात्रीनं सांगू शकत नाही.

रेवती७८

मग आता खोचायचं कसं ते सांगते. हे मी एक्का आलेल्या प्रत्येकाला सांगते. नात्यातली किंवा मैत्रीतली नाही अशी एकच व्यक्ती शोध. तिच्याकडून थोडा का होईना ॲडव्हान्स घे, कारण पैसे आधी दिले की माणूस खरं काय हवंय ते बोलतो. किंमत आधी सांग. आणि एक वही घे, सुई हातात घेतली ती वेळ आणि ठेवली ती वेळ, रोज लिही, तू अकाउंट्सची आहेस तुला हे नवीन नाही. वहीत अजून एक रकाना कर, त्या दिवशी उठावंसं वाटलं का नाही, फक्त हो किंवा नाही. ती गोधडी पूर्ण होईपर्यंत पेज नाही, नाव नाही, नवा कपडा नाही, आणि याच प्रश्नावर नवा पत्ता काढायचा नाही.

एक धोका पण सांगून ठेवते. टेन ऑफ वाँड्स बघ, रोवलेल्या काठ्या सगळ्या उपटून माणूस कवटाळून वाकून चाललाय, त्याला समोरचं पण दिसत नाही. नोकरी सांभाळून करणाऱ्यांचं तसं होतं. ते सुरुवातीला दिसत नाही, तिसऱ्या-चौथ्या ऑर्डरला दिसतं.

तात्या_सांगलीकर

आता कळालं पत्ता म्हणजे काय ते. रेवतीताईंचं वहीचं सांगणं मला पटलं. आमच्या दुकानात वडील असंच करायचे, नवीन माल आला की पहिला नग ओळखीच्याला विकायचा नाही म्हणायचे, ओळखीचा तोंडावर चांगलंच म्हणतो.

सुईदोरा

मंडळी, सहा आठवड्यांनी येतेय. सगळं सविस्तर सांगते.

आधी नेमणूकपत्र, तात्या म्हणाले तसं कलम होतं. एचआरला मेल केला, कामाच्या वेळेत आणि कंपनीच्या साधनांवर काही करणार नाही असं लिहून दिलं, परवानगी मिळाली.

ऑर्डर ऑफिसमधल्या एकीच्या शेजारणीकडून आली, मी त्यांना ओळखत नव्हते. त्यांच्या आईच्या तीन साड्या, दोन सुती आणि एक सिल्क. ३२०० सांगितले, १००० ॲडव्हान्स घेतला, हात थरथरत होता घेताना. सिल्कची साडी उलगडली तर घड्यांच्या रेघांवर कागदासारखी चिरत गेली, वर्षानुवर्षं एकाच घडीवर ठेवलेली असणार. ती वरच्या थराला चालणारच नव्हती, आतून मांजरपाट लावून मधे पट्टा म्हणून घेतली. मांजरपाट, दोरा, सुया मिळून ४५० गेले. यापुढे साड्या आधी उलगडून, उजेडात धरून बघितल्याशिवाय किंमत सांगायची नाही हे शिकले.

एका साडीला पदराजवळ इस्त्रीचा चटका होता, तपकिरी, इस्त्रीच्या टोकाच्या आकाराचा. मी तो घडीत आत जाईल असं बेतलं होतं. कापायच्या आधी सहज फोन केला तर त्या म्हणाल्या, नको नको, तो वरच राहू दे, माझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशी आई इस्त्री करता करता धावत आली होती त्याचा आहे तो. मग परत सगळं बेतलं. चटका आता उजव्या कोपऱ्यात वर आहे, त्याच्याभोवती मी दोऱ्याची एक जास्तीची रांग घातली.

आता वही. एकूण ४३ तास. ३२०० वजा ४५०, म्हणजे २७५० भागिले ४३, तासाला ६४ रुपये. हा आकडा लिहिला आणि बराच वेळ बघत बसले. दुसऱ्या रकान्यात बावीस दिवसांपैकी पंधरा दिवस हो आणि सात दिवस नाही. नाही आलेल्यांपैकी पाच महिनाअखेरीचे, क्लोजिंगचे. मधल्या रांगा कंटाळवाण्या झाल्या, अंगठा दुखला, पण मेणवात, उत्तर सापडलं, मला शिवायलाच आवडतं. फोटो काढायचं तर गोधडी दिल्यावर लक्षात आलं की राहूनच गेलं.

मेणवात

फोटो राहिला हे वाचून मला खरंच बरं वाटलं.

ठाण्याचा_विनय

६४ रुपये तास हा धंदा होत नाही हे तुम्हाला पण दिसतंयच. मशीनवर केलं तर वेळ किती लागेल?

सुईदोरा

काकू म्हणते एक तृतीयांश. पण मशीनचा टाका कडक बसतो, सहा थरांवर गोधडी ताठ होते, हाताच्या टाक्यानं ती अंगावर पडते तशी पडत नाही. ज्या बाईंना चटका वर हवा होता त्यांना मशीनची चालली असती का ते मला माहीत नाही, विचारणार आहे.

जुनापत्ता

मी छाटायचं म्हटलं होतं ते इथे. आकार छाटा. पूर्ण पांघरायच्या गोधडीऐवजी मांडीवर घ्यायची किंवा बाळाची दुपटी, हातानंच. तीन बाय चारचं काम बारा-तेरा तासात व्हावं, आणि लोक किंमत आकारावर नाही आठवणीवर देतात. बाई चटक्यासाठी पैसे देत होत्या.

रेवती७८

जुनापत्ता, हे मला सुचलं नसतं. पण तिच्या हाताला मोठ्या रांगांचीच गोडी असेल तर? दहाव्या रांगेनंतर हात चालतो म्हणाली होती ती. छोट्या कामात ती दहावी रांग येते आणि काम संपत येतं. करून बघितल्याशिवाय कळणार नाही.

सुईदोरा, मला विचारशील तर तुझी काठी आता दोनच्या पत्त्यावर आहे, एक हातात आणि एक भिंतीला. नोकरी ती भिंत आहे, तिला आत्ता हात लावू नकोस.

अबोली_नाशिक

मग आता पत्ता काढायचा का परत? हात आणि मशीन, मोठी आणि छोटी, असा चार पत्त्यांचा काढता येईल.

रेवती७८

मी तरी नाही काढणार. हे एका रविवारी मशीनवर बसून आणि एक छोटी हातानं करून कळणारं आहे. जे हात लावून कळतं ते पत्त्याला विचारू नये असं मी मानते, माझ्या ओळखीतले दोघं-तिघं वाचक याच्याशी सहमत नाहीत.

तात्या_सांगलीकर

ताई, आईची एक वाकळ आहे, बोटभर अंतराचे टाके, चाळीस वर्षं झाली, दोरा अजून निघालेला नाही. तुमचे टाके किती अंतरावर असतात?

सुईदोरा

तात्या, माझ्या रांगा बोटभर अंतरावर आणि टाका तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा. त्या वाकळीचा दोरा कुठला आहे जमलं तर बघून सांगाल का? मी वापरते तो दोनदा धुतल्यावर थोडा पिंजतोय.

दुसरी ऑर्डर कालच आली, त्याच शेजारणीच्या बहिणीची. तिला पण त्याच आईच्या साड्यांची हवीय, पण बाळासाठी, छोटी. पिशवी अजून उघडली नाहीये, डांबरगोळ्यांचा वास येतोय खोलीभर. रविवारी सकाळी खिडकीत उजेडाला धरून एकेक उलगडते, मग किंमत सांगते.